मिनिमम बॅलन्सचा दंड आदल्या रात्री कापला आणि ४२ रुपयांसाठी हप्ता बाउन्स झाला

कोयनाकाठ | ६ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.१०

कालपासून डोकं चालेनासं झालंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

माझ्या गृहकर्जाचा हप्ता १८,४३२ रुपये. दर महिन्याच्या ५ तारखेला जुन्या सॅलरी खात्यातून नॅचने, म्हणजे बँकेतून आपोआप, जातो. मे महिन्यात नोकरी बदलली. नव्या कंपनीने दुसऱ्या बँकेत खातं उघडून दिलं. जुनं खातं फक्त हप्त्यासाठी ठेवलंय. दर महिन्याच्या ४ तारखेला संध्याकाळी त्यात १८,५०० टाकतो, ५ ला हप्ता जातो, चारपाचशे रुपये मागे उरतात. जूनपासून चार महिने हे बिनबोभाट चाललं.

परवा, म्हणजे ४ ऑक्टोबरला, खात्यात ४८० होते. नेहमीप्रमाणे १८,५०० टाकले. रात्री ॲपवर १८,९८० दिसत होते, मी निश्चिंत झोपलो. ५ ला रविवार. सकाळी मेसेज आला की हप्ता परत गेला, शिल्लक अपुरी. स्टेटमेंट उघडून पाहिलं तर ४ तारखेच्याच नोंदीत ५९० रुपये ‘सप्टेंबरची सरासरी शिल्लक न राखल्याबद्दल’ म्हणून वजा. राहिले १८,३९०. म्हणजे ४२ रुपये कमी पडले. त्यावर बँकेने हप्ता परत गेल्याचे आणखी ५९० घेतले. आता खात्यात १७,८०० आहेत. कर्ज देणाऱ्या कंपनीचा बाउन्स चार्ज वेगळा येणार.

माझे प्रश्न असे. दर महिन्याला खात्यात १८,५०० येतात, आणि ते १० हजारांच्या अटीपेक्षा जास्तच आहेत, मग दंड कसला? आणि हप्ता येणार हे बँकेला माहीत असताना आदल्या रात्री दंड कापणं योग्य आहे का? आज बायकोच्या खात्यातून कंपनीच्या लिंकवर हप्ता भरून टाकला. पण मनाला लागलंय. सात वर्षांत एकही हप्ता चुकला नव्हता.

---

मंदार७८ | ६ ऑक्टोबर, रात्री ९.४२

हा दंडच बेकायदा आहे. मिनिमम बॅलन्स सगळ्या बँकांनी रद्द केलाय. आणि रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की दंडामुळे खातं मायनसमध्ये जाता कामा नये. तुमच्याकडे ४८० होते आणि दंड ५९०. म्हणजे त्यांना तो घेताच येत नव्हता. सरळ पोलिसात जा.

---

अनघा_सातारा | ६ ऑक्टोबर, रात्री १०.०५

आमच्याकडेही अगदी हेच झालं. आईच्या खात्यातून दर महिन्याच्या अखेरीस रिकरिंगचे २,००० जातात. मे महिन्यात खात्यात दोन हजार दोनशे होते आणि तेवढ्यात बँकेने ४३६ आणि २० कापले. रिकरिंग चुकलं. आई दिवसभर म्हणत होती की माझ्या खात्यातले पैसे कुणी चोरले. बँकेला विचारलं तर म्हणाले, विमा. आम्ही कधी विमा घेतला?

---

निवृत्त_लेजर | ६ ऑक्टोबर, रात्री ११.२०

एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा शाखेच्या मागच्या बाजूला, म्हणजे क्लिअरिंग आणि नॅचच्या टेबलावर. एकेक करून सांगतो.

अनघाताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. ४३६ म्हणजे जीवनज्योती आणि २० म्हणजे सुरक्षा विमा. त्यांचा वार्षिक हप्ता मे अखेरीस आपोआप जातो. तो बँकेचा दंड नाही. आईंनी कधीतरी फॉर्मवर सही केली असणार. नको असेल तर शाखेत लेखी अर्ज देऊन बंद होतो. मात्र जीवनज्योतीत घरच्यांना दोन लाखांचं संरक्षण असतं, तेव्हा बंद करण्याआधी आईंशी बोला.

आता मूळ प्रश्न. कोयनाकाठ, तुमचं सॅलरी खातं आता सॅलरी खातं राहिलेलं नाही. पगार यायचा बंद झाला की काही महिन्यांनी, बहुतेक बँकांत तीन, खातं साध्या बचत खात्यात बदलतं. जून, जुलै, ऑगस्ट कोरडे गेले, म्हणून सप्टेंबरपासून तुम्हाला सरासरी शिल्लकेची अट लागू झाली. चार महिने बिनबोभाट चाललं ते एवढ्यासाठीच.

‘१८,५०० येतात’ हा हिशेब सरासरीत चालत नाही. बँक दर रात्री, दिवसाचं काम संपल्यावर, खात्यात किती उरले ते पाहते. महिन्याच्या अशा सगळ्या रात्रींची बेरीज करून दिवसांनी भागते. तुमचा सप्टेंबर माझ्या अंदाजाने मांडतो. ऑगस्टचा हप्ता गेल्यावर किती उरले होते?

---

कोयनाकाठ | ६ ऑक्टोबर, रात्री ११.३१

४१२ रुपये, काका.

---

निवृत्त_लेजर | ७ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

मग असं होतं. १ ते ३ सप्टेंबर रोज ४१२, म्हणजे १,२३६. चार तारखेच्या रात्री १८,९१२. पाचला हप्ता गेला, उरले ४८०, आणि ते ३० तारखेपर्यंत तसेच. म्हणजे २६ दिवसांचे १२,४८०. एकूण ३२,६२८. तीसने भागा, सरासरी आली १,०८८ च्या आसपास. १८,५०० खात्यात फक्त एक रात्र राहिले, म्हणून सरासरीत त्यांचं वजन जेमतेम ६१७ रुपये.

१० हजारांना ८,९१२ कमी. तुमच्या बँकेच्या दरपत्रकात कमी पडलेल्या रकमेच्या ६ टक्के किंवा ५०० यांतलं जे कमी ते, असं काहीसं असणार. ६ टक्के ५३५ च्या आसपास होतात, म्हणून ५०० धरले. त्यावर १८ टक्के जीएसटी ९०. झाले ५९०. आकडा बरोबर आहे.

आता रात्री काय घडलं ते. दंड बहुधा महिन्याच्या पहिल्या दोनतीन दिवसांत सिस्टिमने लावला. तेव्हा खात्यात ४८० होते, ५९० निघत नव्हते. म्हणून तो बाकी राहिला. आमच्या भाषेत खात्यावर लिएन पडली. अशा बाकी वसुल्या रात्रीच्या बॅचमध्ये पुन्हा पुन्हा तपासल्या जातात. तुम्ही ४ ला पैसे टाकले आणि त्याच रात्री बॅचने ५९० उचलले. सकाळी नॅचची फाइल आली. नॅचमध्ये अर्धवट वसुली नसते. पूर्ण १८,४३२ असतील तर जाणार, नाहीतर सगळं परत. त्यामुळे ४२ कमी असले काय आणि चार हजार कमी असले काय, निकाल एकच.

रविवार असल्याने तुम्ही बेसावध राहिलात का माहीत नाही. पण १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालतो. त्याआधी रविवारचा हप्ता सोमवारी जायचा आणि माणसाला एक दिवस मिळायचा.

---

मंदार७८ | ७ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

पण काका, मायनसच्या नियमाचं काय? आणि स्टेट बँकेने तर मिनिमम बॅलन्स काढलाय ना?

---

निवृत्त_लेजर | ७ ऑक्टोबर, सकाळी १०.४०

मंदार, स्टेट बँकेने २०२० मध्ये काढला, कॅनरा बँकेने यंदा जूनपासून काढला, आणखीही काही सरकारी बँका त्या वाटेने गेल्या. पण तो त्या त्या बँकेचा निर्णय आहे. सर्वांना लागू असं काही झालेलं नाही. खासगी बँकांत अट आहे, आणि ती ठेवायला मुभाही आहे.

मायनसचा नियम मात्र खरा आहे. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. त्यात म्हटलंय की केवळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. पण इथे खातं उणे झालंच नाही. ४८० असताना बँकेने हात लावला नाही, पैसे आल्यावर घेतले. असा बाकी ठेवलेला दंड नंतर आलेल्या पैशातून घेणं त्या परिपत्रकाला धरून आहे की नाही, यावर मी नोकरीत असतानाही आमच्यात दोन तट होते. माझं मत, हे नियमाच्या हेतूला सोडून आहे. पण हे माझं मत झालं, त्यावर तक्रार उभी राहणार नाही.

तक्रार उभी राहते ती त्याच परिपत्रकाच्या दुसऱ्या कलमावर, आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी ग्राहकाला मेसेज, मेल किंवा पत्राने कळवायचं की एका महिन्याच्या आत शिल्लक पूर्ववत केली नाही तर दंड लागेल. तो महिना उलटल्यावरच दंड घ्यायचा, आणि घेतानाही कळवायचं. सप्टेंबरची सरासरी ३० सप्टेंबरला ठरली. नोटीस त्यानंतरच निघू शकते. मग ४ ऑक्टोबरला दंड कसा कापला? कोयनाकाठ, ऑगस्टपासूनचे बँकेचे सगळे मेसेज आणि मेल शोधा. काय सापडतं ते इथे शब्दशः लिहा.

---

वसुलीटेबल | ७ ऑक्टोबर, दुपारी १.०५

मी एका गृहकर्ज कंपनीत नॅचचं काम बघतो (तुमची कंपनी नव्हे, आणि मी तिच्या वतीने बोलत नाहीये). एक तातडीचं सांगतो, बाकी नंतर वाचा.

तुम्ही लिंकवर हप्ता भरलात हे चांगलं केलंत. पण परत गेलेला हप्ता आमच्यासारख्या कंपन्या काही दिवसांनी पुन्हा बँकेकडे पाठवतात. त्याची फाइल एकदोन दिवस आधी तयार होते. तुमची भरलेली रक्कम कर्जखात्यात वेळेत जमा दिसली नाही तर फाइल जाणार. खात्यात १७,८०० आहेत, म्हणून पुन्हा बाउन्स होणार आणि बँक पुन्हा ५९० घेणार. तुम्ही घाबरून खात्यात हजार रुपये टाकलेत तर दुसरा हप्ताच निघून जाईल. म्हणून आजच कंपनीला मेल करा. कर्ज क्रमांक, भरल्याची तारीख, यूटीआर नंबर लिहा आणि ‘ऑक्टोबरचा हप्ता पुन्हा सादर करू नये’ हे वाक्य त्यात स्पष्ट असू द्या. फोनवर सांगितलेलं कुठे नोंदलं जाईलच असं नाही.

---

शालिनी_ब | ७ ऑक्टोबर, दुपारी २.३०

बाउन्स म्हणजे कलम १३८ लागतं ना? माझ्या भावाला चेकच्या प्रकरणात कोर्टात जावं लागलं होतं. आणि सिबिलचं काय? आम्ही पुढच्या वर्षी गाडीचं कर्ज घेणार आहोत, म्हणून विचारते.

---

वसुलीटेबल | ७ ऑक्टोबर, दुपारी ३.१०

१३८ चेकसाठी. नॅचसाठी २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ आहे, आणि ते तितकंच कडक आहे. पण तिथेही आधी लेखी नोटीस येते, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले तर गुन्हा होत नाही. इथे दुसऱ्याच दिवशी पैसे भरलेत. ती भीती मनातून काढा.

सिबिलमध्ये बाउन्स असा रकाना नसतो. हप्ता किती दिवस थकलाय ते जातं. या जानेवारीपासून ही माहिती महिन्यातून दोनदा पाठवावी लागते, १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती. ६ ला भरलेला हप्ता १५ ला थकीत दिसायला नको. कंपनीने तो जमा करायला उशीर लावला तर मात्र दिसू शकतो, म्हणूनही मेल महत्त्वाचा. पण शालिनीताई, एक लक्षात ठेवा. गाडीच्या कर्जासाठी बँक सहसा सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागते, आणि परत गेलेला हप्ता त्यात दिसतो. ‘४२ रुपये कमी होते’ हे तिथे कुणी विचारत नाही.

---

कोयनाकाठ | ७ ऑक्टोबर, रात्री ९.५५

वसुलीटेबल, मेल पाठवला. मनापासून आभार, हे मला कधीच सुचलं नसतं.

काका, मेसेज शोधले. दोनच सापडले. पहिला २८ ऑगस्टचा: ‘१ सप्टेंबरपासून आपले खाते नियमित बचत खाते होत आहे. दंड टाळण्यासाठी दरमहा १०,००० सरासरी शिल्लक ठेवा.’ तो मी जाहिरात समजून वाचलाच नव्हता. दुसरा ४ ऑक्टोबरच्या रात्री ११.४८ चा, ५९० वजा झाल्याचा. मधे काही नाही. मेलमध्येही नाही.

आज शाखेत गेलो होतो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, २८ ऑगस्टचा मेसेज हीच नोटीस, आणि त्याला महिना उलटून गेला होता.

---

निवृत्त_लेजर | ८ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

इथेच खरी लढाई आहे. बँक म्हणणार, आम्ही महिन्याभरापूर्वी सांगितलं होतं. तुम्ही म्हणायचं, २८ ऑगस्टला शिल्लक कमी पडलीच नव्हती, कारण अटच लागू नव्हती. जी चूक झालीच नाही तिची नोटीस कशी देता येईल? परिपत्रकात कमी पडलेल्या शिल्लकेची नोटीस म्हटलंय, अटीची सूचना नव्हे. माझ्या मते तुमची बाजू भक्कम आहे. लोकपाल काय म्हणेल ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

अर्ज असा करा. पहिली मागणी दंडाचे ५९० परत. दुसरी, दंड नियमाविरुद्ध घेतला म्हणूनच हप्ता परत गेला, तेव्हा परतीचे ५९० आणि कंपनीचा बाउन्स चार्जही भरून द्या. दोन्ही मागण्या एकाच अर्जात, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा, म्हणजे एक नाकारली तरी दुसरीचं उत्तर द्यावं लागेल. ४ तारखेच्या रात्रीचं आणि ५ च्या सकाळचं स्टेटमेंट जोडा, ४२ रुपये लाल शाईने दाखवा. शाखेत पोच घ्या किंवा ॲपवर तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. त्याआधी गेलात तर तक्रार परत येते.

आणि एक. ते १७,८०० काढू नका.

---

कोयनाकाठ | ८ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

काका, पण ते बायकोचे आहेत. तिच्या खात्यातून हप्ता भरलाय. २१ ला लक्ष्मीपूजन, तिला दिवाळीच्या खरेदीला लागणार आहेत. आज काढून तिला द्यावेत असं ठरलं होतं.

---

निवृत्त_लेजर | ८ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

अडचण समजते. हिशेब मांडतो, मग दोघं मिळून ठरवा.

ऑक्टोबरचे ३१ दिवस. १० हजार सरासरीसाठी रोजच्या शिलकांची बेरीज ३,१०,००० व्हायला हवी. पहिल्या तीन रात्रींचे १,४४० आणि चौथ्या रात्रीचे १८,३९० मिळून १९,८३० झाले. ५ तारखेपासून १७,८०० तसेच राहिले तर १७ रात्रींचे, म्हणजे २१ तारखेपर्यंतचे, ३,०२,६०० होतात. एकूण ३,२२,४३०. अट पुरी झाली. २२ ला सगळे काढलेत तरी ऑक्टोबरचा दंड लागत नाही. आज काढलेत तर तो ५९० लागणार, आणि नोव्हेंबरच्या ४ तारखेला पुन्हा हीच रात्र तुमची वाट पाहत असेल.

---

मंदार७८ | ८ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

म्हणजे कुणी एकाच रात्री तीन लाख दहा हजार ठेवले तरी महिना सुटला?

---

निवृत्त_लेजर | ८ ऑक्टोबर, सकाळी ९.२०

बरोबर, ३१ दिवसांच्या महिन्यात सुटला. फक्त रात्री ते खात्यात असायला हवेत, दुपारी टाकून संध्याकाळी काढले तर उपयोग नाही. काही बँका सरासरी महिन्याऐवजी तिमाहीची धरतात, ते दरपत्रकात बघायचं.

---

अनघा_सातारा | ८ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

आईशी बोलले. फॉर्म तिनेच भरला होता, बाबा गेले त्या वर्षी. विमा चालू ठेवतोय. मेच्या आधी खात्यात हजार रुपये जास्तीचे ठेवणार.

पण एक विचारते. ॲपवर १८,९८० दिसत होते आणि आत दंड दबा धरून बसला होता, हे आधी कसं कळावं?

---

निवृत्त_लेजर | ८ ऑक्टोबर, दुपारी १.५०

नेटबँकिंगमध्ये खात्याचा तपशील उघडला की एकूण शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक अशा दोन ओळी असतात. दोन्हींत फरक दिसला, किंवा होल्ड वा लिएनपुढे आकडा दिसला, तर काहीतरी कापायचं बाकी आहे. पण सगळ्या बँका बाकी दंड तिथे दाखवत नाहीत. मग कस्टमर केअरला ‘माझ्या खात्यावर कुठली वसुली बाकी आहे का’ असं सरळ विचारावं लागतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या हप्त्यांना हा धोका सर्वांत जास्त, कारण दंड, एसएमएसचे पैसे, कार्डाची फी हे बहुधा महिन्याच्या किंवा तिमाहीच्या तोंडाशीच लागतं. ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल, जुलैच्या सुरुवातीला जरा जास्त शिल्लक असू द्यावी.

---

वसुलीटेबल | ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.२५

कायमचा उपाय म्हणजे मँडेटच नव्या बँकेच्या खात्यावर नेणं. कंपनीकडे खातं बदलण्याचा अर्ज करा, आता नेटबँकिंग किंवा डेबिट कार्डवरून ई-मँडेट होतं. पण नवं मँडेट मंजूर झालं म्हणजे पुढचाच हप्ता त्यातून जाईल असं धरू नका. फाइल आधीच तयार झाली असेल तर एक महिना जुन्यातूनच जातो. नव्या खात्यातून एक हप्ता प्रत्यक्ष गेल्याचं बघा, मगच जुनं खातं बंद करा. खातं आधी बंद करून ‘खाते अस्तित्वात नाही’ म्हणून परत आलेले हप्ते मी दर महिन्याला बघतो.

---

कोयनाकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री ८.४०

उशिराने कळवतोय. १७,८०० आम्ही २२ ऑक्टोबरपर्यंत ठेवले. बायकोने खरेदी भाऊबीजेवर ढकलली, तिच्या भावाने समजून घेतलं. ऑक्टोबरचा दंड लागला नाही. नोव्हेंबरचा हप्ताही जुन्याच खात्यातून गेला, वसुलीटेबल म्हणाले होते तसंच. ४ तारखेला १९,५०० टाकले होते. नवं मँडेट मंजूर झालंय, डिसेंबरचा हप्ता नव्या खात्यातून जाणार असं कंपनीने मेलवर कळवलंय.

कंपनीने ऑक्टोबरचा हप्ता पुन्हा सादर केला नाही. पण त्यांचा बाउन्स चार्ज ५९० लागला आणि माफ करायला त्यांनी नकार दिला. त्यांच्या दृष्टीने चूक माझ्या बँकेची किंवा माझी.

बँकेचं उत्तर सव्विसाव्या दिवशी आलं. दंडाचे ५९० ‘ग्राहकसंबंध म्हणून’ परत केले. चूक झाली असं कुठेही लिहिलेलं नाही. परतीच्या ५९० बद्दल एकच ओळ: सादरीकरणाच्या वेळी शिल्लक अपुरी होती.

काका, दंड परत केला म्हणजे तो घ्यायला नको होता हे त्यांनी मान्य केलं, असं मी लोकपालाकडे म्हणू शकतो का? की ‘ग्राहकसंबंध’ या शब्दाने ती वाट बंद केली?

---

निवृत्त_लेजर | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

तो शब्द त्यासाठीच घातलाय. म्हणून त्यांच्या कबुलीवर विसंबू नका, तारखांवर विसंबा. ३० सप्टेंबर, ४ ऑक्टोबर, आणि मधे नोटीस नाही. दंड नसता तर ५ तारखेला सकाळी खात्यात १८,९८० असते आणि १८,४३२ गेले असते. ही वजाबाकी अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. परतीचे ५९० आणि कंपनीचे ५९०, असे १,१८० मागा. मसुदा इथे टाका, नाव आणि खातं क्रमांक खोडून. मी वाचतो.

---

शालिनी_ब | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

मीही मसुद्याची वाट बघते. नवऱ्याचं खातं मार्चपासून पगाराविना आहे आणि त्यावर दोन एसआयपी आहेत, दोन्ही ७ तारखेच्या. काल रात्री तपशील उघडला. होल्डपुढे १,१८० दिसतायत.